काचेच्या शेगडीवरचा करपलेला डाग: ओरखडा न पाडता कसा काढायचा

दूध उतू जातं. घाईत वरवर पुसून भांडं परत चढवलं जातं. दोन-तीन दिवसांनी पाहावं तर काचेवर भांड्याच्या बुडाच्या मापाचं काळं कडं उमटलेलं असतं. ओल्या फडक्याने ते हलत नाही, साबणानेही नाही. मग हात आपोआप हिरव्या घासणीकडे जातो, आणि खरं नुकसान तिथेच होतं. डाग निघतो, पण त्या जागी बारीक चऱ्यांचं जाळं राहतं, आणि ते पुढे कशानेच जात नाही. माझ्या पहिल्या इंडक्शन शेगडीवर मी असंच जाळं करून ठेवलं होतं. समोरून बघताना काच स्वच्छ दिसायची, खिडकीतून तिरका उजेड आला की मधोमध एक धुरकट वर्तुळ दिसायचं. शिवाय त्या चऱ्यांमध्ये पुढचा प्रत्येक डाग जास्त घट्ट बसायचा, म्हणजे साफसफाईचं काम कमी होण्याऐवजी वाढलंच.

दुसऱ्या शेगडीपासून मी पद्धत बदलली. आता डाग घासत नाही, भिजवून सोडवते, आणि भिजवून जे सुटत नाही तेवढंच खरवडते. खाली हे सगळं दुधाच्या करपलेल्या कड्याच्या उदाहरणावरून सांगते आहे, कारण घरोघरी सगळ्यात जास्त वेळा तोच डाग पडतो आणि सगळ्यात चिवटही तोच असतो.

काच कशाने चरते

ओरखडा जोर लावल्यामुळे पडतो असं आपल्याला वाटतं. जोराचा संबंध आहेच, पण आधी बघायला हवा तो कठीणपणा. जो पदार्थ काचेपेक्षा कठीण, तो हलक्या हातानेही काच चरतो. जो काचेपेक्षा मऊ, तो कितीही घासला तरी चरत नाही. खनिजांचा कठीणपणा मोजायला फ्रेडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये एक ते दहा अशी पट्टी तयार केली. तिच्यावर शेगडीची काच साधारण सहाच्या आसपास बसते. वाळूचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, सातवर आहे. हिरव्या घासणीत बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड चिकटवलेली असते आणि ती नऊवर आहे. खाण्याचा सोडा जेमतेम अडीचवर.

हे एवढं लक्षात राहिलं की वापरायचं काय आणि टाळायचं काय, याची यादी पाठ करावी लागत नाही. हिरवी घासणी, तारेची घासणी, भांडी घासायची खरखरीत पावडर, राख, वाळू हे सगळं बाद. स्पंजच्या पाठीला लावलेला हिरवा थरही तीच घासणी आहे, तेव्हा असा स्पंज घेतलात तर फक्त मऊ बाजूच काचेला लागू द्या. टूथपेस्टचा उपाय बरेच जण सुचवतात. मी ती वापरत नाही. दात घासायला तिच्यात जी बारीक पूड घालतात तिचा प्रकार आणि भरडपणा प्रत्येक ट्यूबमध्ये वेगळा असतो, आणि चकचकीत काचेवर तो आजमावून बघण्यात मला अर्थ वाटत नाही.

पोलादी ब्लेडचा कठीणपणा काचेच्या आसपासचाच असतो. म्हणून ब्लेडचं काम थोडं नाजूक आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी आपली काच ओळखा

'काचेची शेगडी' म्हटलं तरी तिच्यावरची काच एकच नसते. ओट्यात बसवलेल्या शेगड्यांवर आणि चांगल्या इंडक्शनवर ग्लास-सिरॅमिक असतं. या काचेत अतिशय सूक्ष्म स्फटिक वाढवलेले असतात. तापवल्यावर काच प्रसरण पावते आणि हे स्फटिक आकसतात, त्यामुळे एकूण पत्रा जवळजवळ आहे तेवढाच राहतो. तापलेल्या भागाशेजारी गार भाग असला तरी तो तडकत नाही तो त्यामुळेच. काही स्वस्त शेगड्यांवर मात्र साधी कडक केलेली काच असते. ती थोडी मऊ असते, तिच्यावर चरे लवकर पडतात. तिच्यावरची वर्तुळं किंवा नक्षी वरच्या बाजूने छापलेली असेल तर ती खरवडल्यावर निघूनही येते.

शेगडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत काचेचा प्रकार आणि खरवडणी वापरायला परवानगी आहे की नाही हे बहुधा दिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर छापील वर्तुळावरून नख हळूच फिरवून पाहा. रेष किंचित उंच लागली तर छपाई वरून आहे, आणि तिथे ब्लेड लावायचं नाही. खात्री होत नसेल तर ब्लेडची पायरी सोडून द्या आणि भिजवण्याच्या दोन-तीन फेऱ्या जास्त करा. वेळ लागेल, पण काच शाबूत राहील.

साखर सांडली असेल तर थांबू नका

पुढच्या सगळ्या पायऱ्या गार शेगडीवर करायच्या आहेत. अपवाद फक्त साखरेचा पाक, जॅम, किंवा असंच भरपूर साखर असलेलं काही सांडलं तर. वितळलेलं प्लास्टिकही याच गटात येतं. पाक गार होताना काचेला घट्ट धरतो आणि आकसत जातो. काच मात्र आकसत नाही, कारण ती बनवलीच तशी आहे. मग त्या ओढीत काचेचा एखादा पातळ टवका निघून येतो आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा खळगा राहतो. तो भरून काढता येत नाही.

म्हणून पाक सांडला की शेगडी लगेच बंद करा, भांडं बाजूला घ्या, हातात जाड मोजा घाला आणि लांब दांड्याच्या धातूच्या खरवडणीने तो गरम असतानाच तापलेल्या भागावरून गार भागाकडे ढकला. प्लास्टिकची पट्टी इथे चालत नाही, ती स्वतःच वितळते. काच लख्ख करण्याच्या मागे लागू नका. जाड थर निघाला की पुरे. उरलेली पातळ चिकटण शेगडी गार झाल्यावर कोमट पाण्याने निघते, कारण साखर पाण्यात विरघळते.

पाक आधीच गार होऊन कडक बसला असेल तर टोकदार काहीतरी घालून तो उचकटू नका. टवका निघायची हीच दुसरी वेळ असते. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं त्यावर ठेवा आणि ते गार झालं की बदलत राहा. पाक बाहेरून आत हळूहळू विरघळत जातो आणि शेवटी मऊ होऊन पुसला जातो.

दूध, भाताची पेज, तेल यांना असली घाई नाही. ते गार होऊ द्या.

कामाला लागण्याआधी

बऱ्याच शेगड्यांच्या पॅनेलवर काच गरम असेपर्यंत `H` हे अक्षर दिसत राहतं. ते गेल्यावर तळहात काचेच्या जरा वर धरून पाहा. ऊब लागत नसेल तरच पुढे जा. गरम काचेवर ओलं फडकं ठेवलं तर वाफेने हात भाजतो, आणि साबणाचं पाणी लगेच आटून त्याचाच नवा डाग पडतो. इंडक्शनमध्ये काच स्वतः तापवली जात नाही, तिला भांड्याच्या बुडाची उष्णता मिळते. त्यामुळे ती लवकर गार होईल असं वाटतं, पण भांडं तसंच वर ठेवलेलं असेल तर ती बराच वेळ गरम राहते. भांडं आधी उचलून ठेवा.

सुट्या इंडक्शनची पिन काढून ठेवा. बसवलेल्या शेगडीला बटणं बंद करायचं कुलूप असेल तर ते लावा, नाहीतर ओलं फडकं टच पॅनेलवरून फिरलं की शेगडी किणकिणत राहते आणि कधी चालूही होते. सुट्या शेगडीवर पाणी ओतायचं नाही. तिच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला पंख्याची जाळी असते आणि काचेच्या कडेने पाणी आत उतरू शकतं. फडकं एवढं पिळा की ते उचलून धरल्यावर एकही थेंब पडणार नाही.

साहित्य मोजकं आहे. दोन मऊ सुती फडकी, एक मायक्रोफायबर कापड, भांडी घासायचं लिक्विड, खाण्याचा सोडा, पांढरं व्हिनेगर, एक जुनं प्लास्टिकचं कार्ड, आणि चालणार असेल तर धरणीत बसवलेलं नवं एकधारी ब्लेड.

दुधाचं कडं: एक डाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मागच्या महिन्यात माझ्याकडे झालेलाच डाग घेते. ग्लास-सिरॅमिकची इंडक्शन. दूध सोमवारी उतू गेलं, त्यानंतर बुधवारपर्यंत त्याच जागी पाच-सहा वेळा भांडं तापलं. भांड्याच्या बुडाखाली फिकट तपकिरी पापुद्रा होता आणि त्याच्या बाहेरच्या कडेने बोटभर रुंदीचं काळं कुळकुळीत कडं. कड्यावरून नख फिरवलं तर ते उंच आणि खरबरीत लागत होतं.

पहिलं काम, वरचे सुटे कण उचलणं. ही पायरी लोक गाळतात, आणि बरेचसे ओरखडे इथेच पडतात. शेगडीवर मिठाचे दाणे असतात, धुळीबरोबर आलेले बारीक खडे असतात. मीठ काचेला काही करत नाही, खडा मात्र करतो. म्हणून फडकं ओलं करून काचेवर ठेवायचं, दाबायचं आणि वर उचलायचं. असं जागा बदलत चार-पाच वेळा करून ते झटकून, धुऊन मगच पुसायला घ्यायचं.

मग साबणाचं पाणी. कपभर गरम पाण्यात लिक्विडचे चार-पाच थेंब घातले, फडक्याची चौपदरी घडी त्यात बुडवून घट्ट पिळली आणि कड्यावर पसरली. ती लवकर वाळू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी अंथरली. वीस मिनिटं हात लावला नाही. फडकं उचललं तेव्हा मधला तपकिरी पापुद्रा त्याच्याबरोबरच निघून आला होता. काळं कडं तसंच होतं, पण त्याची चकाकी गेली होती आणि बाहेरची कड मऊ पडली होती. साधे, एकदाच तापलेले डाग इथेच संपतात.

त्यानंतर सोडा. तीन चमचे सोड्यात एक चमचा पाणी घातलं की काचेवर न ओघळणारा दाट लेप होतो. तो कड्यावर नाण्याच्या जाडीचा लावला आणि वर ओलं पिळलेलं फडकं झाकलं. हे झाकण फार महत्त्वाचं आहे. उघडा लेप दहा-पंधरा मिनिटांत वाळून पांढरा खडू होतो, आणि वाळलेला सोडा काहीच काम करत नाही. तो ओला असेपर्यंतच उपयोगाचा.

सोडा इथे नेमकं काय करतो ते सांगते, म्हणजे घाई का करायची नाही ते कळेल. कड्यातला काळा भाग म्हणजे बराचसा कोळसाच. तो सोड्याने, साबणाने किंवा घरातल्या दुसऱ्या कशानेही विरघळत नाही. पण त्याला काचेशी धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश. सोडा सौम्य अल्कली आहे, आणि अल्कलीत प्रथिनं फुगून सैल होतात, स्निग्धांशाची पकडही सुटायला लागते. म्हणजे डाग विरघळत नाही, तो बुडापासून सुटतो. ओलावा कडेकडेने आत शिरायला वेळ लागतो, आणि जोर लावून तो वेळ कमी होत नाही.

अर्ध्या तासाने लेप उचलला तेव्हा तो चहाच्या रंगाचा झाला होता. प्लास्टिकचं कार्ड काचेला जवळजवळ आडवं टेकवून बाहेरच्या कडेने आत सरकवलं, तर अर्धं कडं ओल्या चिखलासारखं गोळा होत गेलं. जिथे कार्ड अडलं तिथे रेटलं नाही. पुसून घेतलं, नवा लेप लावला, आणखी अर्धा तास. दुसऱ्या फेरीनंतर कड्याची सलग रेषा राहिली नव्हती. साधारण नखाएवढे सात-आठ काळे ठिपके तेवढे उरले होते.

ब्लेड धरायचं कसं

त्या ठिपक्यांसाठी ब्लेड घेतलं. ब्लेड नवं हवं. गंजलेलं, दातरं पडलेलं किंवा रंगकामात वापरलेलं ब्लेड काचेला लावू नका. धारेवरून कापसाचा बोळा हळूच फिरवला आणि एखादा धागा अडकला, तर तिथे दात पडलेला आहे असं समजा आणि ते ब्लेड टाकून द्या. बोट लावून तपासू नका.

काच साबणाच्या पाण्याने ओली केली. कोरड्या काचेवर ब्लेड चालवायचं नाही, कारण निघालेला चुरा धारेखाली अडकतो आणि तोच चरे पाडतो. धरणी काचेशी साधारण तीस अंशांत धरली, म्हणजे पोळपाटावरची पोळी उलथन्याने उचलताना उलथनं जितकं कलतं तितकी. धारेची पूर्ण लांबी काचेला टेकलेली हवी. धरणी जरा एका बाजूला कलली की ब्लेडचा कोपरा काचेत रुततो, आणि शेगड्यांवर दिसणारे लांब सरळ ओरखडे बहुधा या कोपऱ्याचेच असतात.

मग ठिपक्याच्या अलीकडून पुढे, एकाच दिशेने, बोटभर अंतर. उचलायचं, धार ओल्या कागदावर पुसायची, पुन्हा तसंच. मागे ओढायचं नाही. कान उघडे ठेवा, कारण इथे आवाजावरून सगळं कळतं. ब्लेड डागावरून जातं तेव्हा हलकी कोरडी खरखर येते आणि धारेपुढे काळी खपली कोंड्यासारखी उठते. डाग संपला की ब्लेड घसरतं आणि आवाज बंद होतो. तिथेच थांबायचं. मध्येच कर्रकन तीक्ष्ण आवाज आला तर धारेखाली खडा आला आहे. हात तिथल्या तिथे वर उचला, काच आणि ब्लेड दोन्ही धुवा, मग पुढे चला.

टच पॅनेलची चिन्हं, काचेच्या कडेचं सिलिकॉन आणि धातूची पट्टी यांच्याजवळ ब्लेड नेऊ नका. तिथला डाग भिजवूनच काढायचा.

ठिपके गेल्यावर काचेवर फिकट सावली उरली होती. त्यासाठी ओल्या मऊ कापडावर चिमूटभर सोडा घेऊन लहान गोल फिरवला. काचेच्या शेगडीसाठी म्हणून मिळणारं क्रीम क्लीनरही या जागी चालतं, पण साधं भांड्यांचं किंवा फरशीचं क्रीम नाही, त्यातली पूड जास्त भरड असते. शेवटी स्वच्छ पाण्याने ओलं केलेलं फडकं तीन वेळा फिरवलं आणि मायक्रोफायबरने कोरडं केलं. हे तीनदा पुसणं कंटाळवाणं आहे, तरी करा. सोड्याचा किंवा क्लीनरचा राहिलेला पातळ थर पुढच्या वेळी तापल्यावर काचेवर भाजला जातो आणि धुरकट पट्टे उमटतात. मग माणसाला वाटतं डाग परत आला.

सगळं मिळून दोन तास गेले, पण त्यात हात चालला तो जेमतेम पंधरा मिनिटं. बाकीचा वेळ फडकं काम करत होतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र का नको

सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसतं आणि फार काहीतरी घडतं आहे असं वाटतं. एक अल्कली आणि दुसरं आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना संपवतात. फेस हा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे राहतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचं साधं क्षार. म्हणजे डाग सैल करणारा सोडा आपण स्वतःच संपवून टाकतो. बुडबुड्यांनी वरचा एखादा सुटा कण हलेल, पण बुडाशी चिकटलेला थर नाही.

दोघांची कामं वेगळी आहेत. सोडा करपलेल्या अन्नासाठी, व्हिनेगर पाण्याच्या क्षारांसाठी. दोन्ही लागणार असतील तर आधी सोड्याचं काम पूर्ण करा, काच धुवा, पुसा, आणि मग व्हिनेगर घ्या.

काळं गेलं, पण पांढरं किंवा करडं उरलं

करपलेला थर निघाल्यावर खालून बऱ्याचदा दुसरंच काही दिसायला लागतं, आणि लोक तोही करपल्याचाच डाग समजून घासत बसतात.

पांढरट धूसर कडं किंवा तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी झाक दिसली तर तो बहुधा जड पाण्यातला क्षार असतो. कापडाची घडी व्हिनेगरमध्ये भिजवून पाच ते दहा मिनिटं त्यावर ठेवा, मग पुसून साध्या पाण्याने धुवा. सोड्याच्या दहा फेऱ्यांनी जे जात नाही ते इथे एका फेरीत जातं. फक्त व्हिनेगर शेजारच्या ओट्यावर ओघळू देऊ नका. ओटा संगमरवरी असेल तर आम्लाने तो खाल्ला जातो. शेगडीच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर तिच्यावरही ते साचू देऊ नका.

करड्या, चांदीसारख्या चमकणाऱ्या रेघा बघून तर धस्सच होतं, कारण त्या हुबेहूब ओरखड्यांसारख्या दिसतात. पण त्यांवरून नख आडवं फिरवून पाहा. नख अडकलं नाही, तर बहुतेक तो ओरखडा नाही. ॲल्युमिनियमचं किंवा स्टीलचं भांडं काचेवरून सरकवल्यावर पेन्सिलीसारखी त्याची धातू काचेवर उतरते. व्हिनेगर आणि क्रीम क्लीनरने, सावकाश, तीन-चार वेळा पुसून ती निघते. नख खाचेत अडकलं तर मात्र तो खरा चरा आहे. तो पॉलिश करून काढता येईल असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. चरा घालवायचा तर भोवतालची काच झिजवावी लागते, आणि त्यात आणखी मोठा भाग धुरकट होतो.

नख फिरवूनही कळत नसेल तर खोलीतला दिवा बंद करून काचेला जवळजवळ टेकवून टॉर्च मारा. चिकटलेला थर असेल तर त्याच्या पलीकडे बारीक सावली पडते. चरा असेल तर तो स्वतःच धाग्यासारखा चमकतो.

जे मी काचेवर लावत नाही

ओव्हन साफ करायचं क्लीनर जळका थर झपाट्याने काढतं हे खरं, पण त्यात बहुधा तीव्र कॉस्टिक अल्कली असते. छपाई, कडेचं सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम तिन्हीला ते बाधतं, आणि त्याचा अंश काचेवर राहून तापला तर कायमचा डाग पडू शकतो. खिडकीच्या काचा पुसायचं अमोनियाचं द्रावणही त्याच कारणाने नको. ब्लीच तर करपलेल्या थरावर फारसं काही करतच नाही. ते व्हिनेगरबरोबर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा ते या कामात आणूच नका.

पांढरा फोमचा जादूई स्पंज मऊ लागतो, पण तो काम करतो तो अगदी बारीक पॉलिश पेपरसारखा. ग्लास-सिरॅमिकवर हलक्या हाताने एखाद्या वेळी ठीक. छापील नक्षीवर नको.

सगळं करूनही डाग जात नसेल तर

सोड्याच्या तीन-चार फेऱ्या, ब्लेड आणि व्हिनेगर सगळं झालं, नखाला काही उंच लागत नाही, आणि तरी सावली दिसते आहे. मग काचेवर काही उरलेलं नाही, काचेचा पृष्ठभागच बदलला आहे. तिथे थांबायचं. स्वयंपाकाला त्याने काही बाधा येत नाही.

काचेला तडा दिसला तर गोष्ट वेगळी. करपलेल्या थराखाली तडा लपलेला असतो आणि थर निघाल्यावर तो समोर येतो. नखाला केसाएवढी सलग रेघ लागली आणि ती ओली केल्यावर पाणी तिच्यात शोषलं जातं आहे असं दिसलं, तर साफसफाई तिथेच बंद करा. पिन काढा, बसवलेली शेगडी असेल तर तिचा मेन स्विच बंद करा, आणि काच बदलेपर्यंत ती वापरू नका. तड्यातून पाणी आतल्या विजेच्या भागांपर्यंत पोचलं तर शॉक बसू शकतो.

काच स्वच्छ झाल्यावर भांडं उलटं करून त्याचं बूड बघा. उतू गेलेलं दूध तिथेही तितकंच करपलेलं असतं. ते तसंच ठेवून भांडं चढवलं तर पहिल्याच तापण्यात तो थर काचेवर उतरतो आणि कडं पुन्हा त्याच जागी, त्याच मापाचं उमटतं. बुडाला काचेसारखं जपायची गरज नाही, स्टीलचं असेल तर खुशाल तारेच्या घासणीने घासा. फक्त ते धुऊन, पुसून, बुडावरून एकदा तळहात फिरवून मगच शेगडीवर ठेवा. घासणीच्या तारेचा एखादा तुकडा बुडाला चिकटलेला असतो, आणि भांडं सरकवलं की तोही काच चरतो.